एका आण्याचा तुक्का

पहिल्या वेळी माझी राज्य लोकसेवा आयोगाची संयुक्त पूर्व परीक्षा दीड गुणाने हुकली. निकाल लागला त्या दिवशी मी काही रडले-बिडले नाही. खोलीवर येऊन ट्रंकेतून जुनी प्रश्नपुस्तिका काढली आणि त्यात मी किती प्रश्न सोडून दिले होते ते मोजलं. चौतीस. शंभरातले चौतीस प्रश्न मी कोरे ठेवून आले होते, आणि त्यातल्या एकोणीस प्रश्नांत मी स्वतःच्या पेनाने दोन-दोन पर्याय खोडलेले होते. म्हणजे उत्तर उरलेल्या दोघांतलंच, एवढं मला कळलं होतं. तरी गोळा भरला नव्हता, कारण निगेटिव्हची भीती.

ही भीती मला अभ्यासिकेत मिळाली. परभणीला मी ज्या अभ्यासिकेत बसते तिथे सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, ‘पक्कं येत असेल तरच ठोकायचं, नाहीतर सोडायचं.’ कोणी जरा धीट असला तर म्हणायचा, ‘दोन पर्याय उडाले तर ठोक, एक उडाला तर सोड.’ हे कुठून आलं, कोणी मोजलं, असं कोणी विचारत नव्हतं. पुढे कळलं की हा सल्ला जुन्या काळातला आहे. आयोग पूर्वी एका चुकीला एक-तृतीयांश गुण कापायचा. आता एक-चतुर्थांश कापतो. कापणं कमी झालं, सल्ला मात्र तोच राहिला.

मी मामाकडे राहते. मामा मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहेत. सोयाबीन, तूर, कापसाच्या हंगामात रात्री नऊला घरी येतात आणि जेवण झाल्यावर दिवसभराच्या पट्ट्या जुळवत बसतात. त्या रात्री मीही माझी पुस्तिका घेऊन शेजारी बसले. मामांनी विचारलं, “काय मोजायलीस एवढं?”

मी सांगितलं. एक बरोबर आला तर एक गुण, चुकला तर पाव गुण कापतात, चार पर्याय असतात.

मामा म्हणाले, “म्हणजे जिंकलं तर रुपया आणि हरलं तर पावली.” आणि एका पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. मामांच्या डोक्यात हिशोब अजून आण्यांत चालतो. रुपयाचे सोळा आणे, पावलीचे चार. आणि गंमत अशी की या परीक्षेचा हिशोब आण्यांत जितका सरळ बसतो तितका दशांशात बसत नाही.

मामांनी मांडलं ते असं. समजा तुला काहीच येत नाही आणि चार प्रश्नांवर डोळे झाकून बोट ठेवलंस. चारातला सरासरी एक बरोबर येणार. मिळाले सोळा आणे. तीन चुकणार, गेले बारा आणे. हातात उरले चार आणे, चार प्रश्नांचे. म्हणजे प्रश्नाला एक आणा.

“आणा तर आणा,” मामा म्हणाले, “पण वरचाच आहे की.”

मला पटेना. डोळे झाकून ठोकलं तरी फायदा? मी पुन्हा करून पाहिलं, तेच आलं. मग एक पर्याय उडवला तर काय, ते मी मांडलं. तीन पर्याय उरले, म्हणून तीन प्रश्न धरायचे. एक बरोबर, सोळा आणे. दोन चूक, आठ आणे गेले. उरले आठ, तीन प्रश्नांत वाटले तर प्रश्नाला पावणेतीन आण्यांच्या जरा आत. दोन पर्याय उडवले तर? दोन प्रश्न, एक बरोबर, एक चूक. सोळातून चार गेले, बारा उरले. प्रश्नाला सहा आणे.

मी माझे एकोणीस प्रश्न आठवले. एकोणीस सक एकशे चौदा आणे. सात रुपये दोन आणे. म्हणजे सात गुण आणि वर थोडं, मी भीतीपोटी त्या वर्गात कोऱ्या कागदावर सोडून आले होते, आणि हुकले होते दीड गुणाने.

जुन्या नियमाचाही हिशोब मामांनी तिथेच केला. चुकीला एक-तृतीयांश कापत असतील तर चार प्रश्नांत एक बरोबर आणि तीन चूक, रुपया आला आणि रुपयाच गेला. डोळे झाकून ठोकण्यात काही उरत नाही. म्हणून त्या काळात ‘सोड’ म्हणणाऱ्यांचं फार चुकत नव्हतं. केंद्राच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत अजूनही एक-तृतीयांशच कापतात, तिथे तो सल्ला आजही अर्धा खरा आहे. नीटला बसणाऱ्या माझ्या मावसभावाला मात्र बरोबरला चार गुण आणि चुकीला एक वजा, म्हणजे प्रमाण आमच्यासारखंच, रुपयाला पावली. तेव्हा पुस्तिकेच्या पहिल्या पानावरची ती कापाकापीची ओळ आधी वाचायची. सगळं तिथून ठरतं. रुपयाला पावली असेल तर पाचातला एक बरोबर आला की हिशोब बरोबरीत सुटतो, कारण चार पावल्यांचा एक रुपया. एक-तृतीयांश असेल तर चारातला एक यावा लागतो.

इथे थांबले असते तर गोष्ट सोपी होती. सगळे ठोका, मोकळे व्हा. मी पुढची टेस्ट सिरीज तशीच दिली. शंभरच्या शंभर गोळे भरले. आणि गुण वाढायच्या ऐवजी पहिल्या दोन पेपरांत जिथल्या तिथे राहिले.

मामांना सांगितलं तर ते हसले. “पोत्याच्या तोंडाशी माल चांगलाच असतो गं. खालपर्यंत सळई घालून बघ.”

सळई घालायची म्हणजे काय करायचं हे ठरवायला मला दोन दिवस लागले. मग मी एक वही केली. पेपर सोडवताना प्रश्नाच्या डाव्या समासात एक खूण करायची. पक्कं येत असेल तर बरोबरची खूण. नाहीतर किती पर्याय उरले तो आकडा, २, ३ किंवा ४. उत्तरतालिका आली की प्रत्येक खुणेत किती बरोबर आले ते वहीत उतरवायचं. एवढंच. असे आठ पेपर झाले, शंभर-शंभर प्रश्नांचे.

आठ पेपरांत ३ ची खूण ९६ प्रश्नांना होती. त्यातले ३१ बरोबर. तीनातला एक यायला हवा होता, साधारण तेवढाच आला. इथे काही घोळ नव्हता.

४ ची खूण ६० प्रश्नांना होती. म्हणजे जिथे मला काहीच येत नव्हतं आणि मी ‘डोळे झाकून’ ठोकलं होतं. चारातला एक धरला तर पंधरा बरोबर यायला हवे होते. आले नऊ. आण्यांत मांडलं तर नऊ रुपये मिळाले आणि एक्कावन्न पावल्या गेल्या. एक्कावन्न पावल्या म्हणजे पावणेतेरा रुपये. तीन रुपये बारा आणे खिशातून गेले.

साठात नऊ येणं निव्वळ नशिबानेही होऊ शकतं, हे मला मान्य आहे. पण मी ते साठ प्रश्न पुन्हा काढून वाचले आणि माझी लबाडी मला दिसली. मी डोळे झाकलेच नव्हते. जे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं त्यावर बोट ठेवलं होतं. समित्यांच्या प्रश्नात ओळखीचा अध्यक्ष, सनावळीत ओळखीचं साल, विज्ञानात धड्यात वाचलेला शब्द. आणि पेपर काढणाऱ्याला हे माहीत असतं. चुकीचे तीन पर्याय तो हवेतून आणत नाही. अर्धवट अभ्यास केलेल्या मुलीला जे ओळखीचं वाटेल तेच तो तिथे ठेवतो. ज्याने काहीच वाचलेलं नाही त्याचं अशा प्रश्नात माझ्यापेक्षा बरं जमतं, कारण त्याला सगळेच पर्याय सारखे अनोळखी.

मग मी एक उद्योग केला. त्याच साठ प्रश्नांना प्रत्येक ठिकाणी ३ नंबरचा पर्याय दिला असता तर काय झालं असतं ते मोजलं. सोळा बरोबर. म्हणजे पाच गुण वर, पावणेचार गुण खाली जाण्याऐवजी. तीन नंबरात काही जादू नाही, एकही चाललं असतं, चारही. मुद्दा एवढाच की आकडा पेपर उघडायच्या आधी ठरलेला असला की प्रश्न वाचून माझं बोट जिकडे ओढलं जातं तिकडे ते जाऊ शकत नाही.

खरी सळई मात्र २ च्या खुणेत घालावी लागली. दोन उरलेले प्रश्न आठ पेपरांत १४८ होते. त्यातले ६८ बरोबर. अर्ध्याला थोडे कमी, म्हणजे वरवर ठीकच. पण मग मी प्रत्येक प्रश्नात बाकीचे दोन पर्याय का खोडले होते ते आठवायचा प्रयत्न केला आणि दोन ढीग पडले.

एका ढिगातलं खोडणं कारणासकट होतं. उदाहरणार्थ एक जोड्या लावायचा प्रश्न. येलदरी, इसापूर, माजलगाव आणि विष्णुपुरी ही धरणं, आणि पैनगंगा, गोदावरी, पूर्णा, सिंदफणा या नद्या. मी जिंतूर तालुक्यातली. येलदरीच्या पाण्यावर आमच्याकडची शेती बघत वाढले, त्यामुळे येलदरी पूर्णेवर हे मला झोपेत विचारलं तरी येतं. चार पर्यायांपैकी एकात येलदरीसमोर पैनगंगा लिहिली होती, तो गेला. विष्णुपुरी नांदेडला गोदावरीवर, हे आमच्याकडे कोणालाही माहीत. त्याने अजून एक गेला. उरले दोन. एकात इसापूर पैनगंगेवर आणि माजलगाव सिंदफणेवर, दुसऱ्यात नेमकं उलटं. हे मला खरंच आठवत नव्हतं. पण खोडलेल्या दोन पर्यायांत उत्तर असण्याची शक्यता नव्हती, कारण मी ते जे खोडले ते माहीत असलेल्या गोष्टीने खोडले होते. मी इसापूर पैनगंगेवर धरलं, आलं बरोबर. नसतं आलं तरी ते ठोकणं चूक नव्हतं.

असे ९२ प्रश्न निघाले. त्यातले ५२ बरोबर आले. निम्म्याहून जास्त, कारण उरलेल्या दोघांतही थोडी फार आठवण मदत करतेच. प्रश्नाला सात आण्यांच्या वर पडले.

दुसऱ्या ढिगात ५६ प्रश्न होते. तिथे खोडण्याचं कारण विचारलं तर मला ‘असं कसं असेल’ याशिवाय काही सांगता येत नव्हतं. ‘एवढा मोठा आकडा नसेल’, ‘हे विधान फारच सरसकट आहे’, ‘हा पर्याय उगाच टाकलेला दिसतोय’. या छप्पन्नपैकी बरोबर आले सोळा. आणि त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. छप्पन्नपैकी सत्तावीस प्रश्नांत बरोबर उत्तर मी खोडलेल्या दोन पर्यायांतच होतं. म्हणजे उरलेल्या दोघांत मी कितीही डोकं लावलं तरी उपयोग नव्हता. उत्तर आधीच कचऱ्यात गेलं होतं.

हे जरा वेळ घेऊन बघण्यासारखं आहे. चार पर्यायांतले कुठलेही दोन चिठ्ठी टाकून खोडले तर बरोबर उत्तर त्यात जाण्याची शक्यता निम्मी. माझं छप्पन्नात सत्तावीस वेळा गेलं. जवळपास निम्म्यांदा. म्हणजे ‘असं कसं असेल’ या माझ्या तर्काने खोडलेले पर्याय आणि चिठ्ठी टाकून खोडलेले पर्याय यांत काही फरकच नव्हता. मी समासात २ लिहीत होते, मनात सहा आण्यांचा हिशोब धरत होते, आणि खरी खूण ४ होती, भाव एक-दोन आण्यांचा. तोटा नव्हता झाला, पावलीच्या हिशोबात सोळा बरोबर आले तरी सहा रुपये वर राहतात. पण या प्रश्नांवर मी मिनिट-मिनिट घालवत होते. आमचा पेपर शंभर प्रश्नांचा आणि साठ मिनिटांचा असतो, प्रश्नाला छत्तीस सेकंद. दीड आण्याच्या प्रश्नावर दीड मिनिट गेलं की शेवटी सोळा आण्यांचे प्रश्न वाचायचे राहतात. पहिल्या दोन पेपरांत गुण जिथल्या तिथे राहिले ते यामुळेच. शेवटची पंधरा-वीस मी न वाचताच भरली होती आणि त्यांत पाच-सहा अगदी येणारे होते.

अशाच अंदाजाच्या खोडण्याचा एक प्रश्न मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलाय. राज्यघटनेचं कलम ३७१. तीन विधानं होती. अ, या कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे. ब, याच कलमात सौराष्ट्र आणि कच्छसाठीही तशी तरतूद आहे. क, या मंडळांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येते. पर्याय असे: अ आणि ब, ब आणि क, अ आणि क, तिन्ही बरोबर.

अ आणि क मला येत होतं. मराठवाड्याचा अनुशेष हा विषय आमच्याकडे चहाच्या टपरीवरही निघतो, राज्यपाल आणि विकास मंडळ हे शब्द कानावरून गेलेले. ब वाचलं आणि मनात आलं, सौराष्ट्र-कच्छचा इथे काय संबंध? मंडळं तर आपली. फुली मारली. आता बघा, ब एक विधान गेलं तर पर्याय किती गेले? पहिला, दुसरा आणि चौथा. एका फुलीत तीन पर्याय आडवे आणि तिसरा एकटा उभा. मी समासात २ सुद्धा लिहिलं नाही, सरळ बरोबरची खूण केली. पक्कं!

उत्तर होतं ‘तिन्ही बरोबर’. कलम ३७१ महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीसाठी आहे, सौराष्ट्र आणि कच्छ त्यात आहेतच. मी आपलंच रडगाणं ऐकत मोठी झाले म्हणून मला ते आपल्या एकट्याचं वाटलं.

विधानांच्या प्रश्नात पर्याय उडवणं असं दुधारी असतं. एक विधान चूक आहे हे खात्रीने कळलं तर एका झटक्यात दोन-तीन पर्याय जातात, म्हणून ते स्वस्त पडतं. पण तेच एक विधान अंदाजाने खोडलं तर बरोबर उत्तरही त्याच झटक्यात जातं. आणि मग उरलेला पर्याय एकटा दिसतो म्हणून तो पक्का वाटायला लागतो. त्या दिवसापासून मी विधानांच्या प्रश्नात खोडायला सुरुवात माहीत असलेल्या विधानापासून करते. अ बरोबर आहे हे माहीत, म्हणून ‘ब आणि क’ गेलं. क बरोबर आहे हे माहीत, म्हणून ‘अ आणि ब’ गेलं. ब बद्दल काही माहीत नाही, त्याला हात लावायचा नाही. उरले दोन, ‘अ आणि क’ आणि ‘तिन्ही’. हे खरे दोन. इथे सहा आणे प्रामाणिक आहेत.

मग मी स्वतःसाठी एक अट घातली. फुली मारताना तिच्या शेजारी एक शब्द लिहायचा, का मारली त्याचा. ‘येलदरी’, ‘गुजरात’, ‘१९४८’, काहीही, पण माहितीचा शब्द. शब्द सुचत नसेल तर ती फुली फुली नाही. तो पर्याय पुन्हा जिवंत धरायचा. यात वेळ जातो असं वाटेल, पण एक शब्द लिहायला दोन सेकंद लागतात आणि ‘असं कसं असेल’ यावर जाणारं मिनिट वाचतं. फुल्या बाद होऊन चारही पर्याय जिवंत राहिले की प्रश्नावर थांबायचं नाही. समासात ४ लिहून पुढे जायचं आणि शेवटी तीन नंबर.

मामांनी यावर एकच हरकत घेतली. “सगळ्यांना तीनच लावायलीस, आणि समजा तीन कमीच आले तर?” हरकत रास्त होती. मी टेस्ट सिरीजच्या तालिका काढून १, २, ३, ४ मोजले. थोडं पुढे-मागे होतं, पण कुठलाच आकडा सारखा मागे पडलेला नव्हता. एखाद्या पेपरात तीन कमी निघेल, एखाद्यात जास्त. ते आपल्या हातात नाही आणि आधी ओळखताही येत नाही.

अजून एक गोष्ट मामांच्या लक्षात आली होती, मला ती वही बंद केल्यावर पटली. एका आण्याचा तुक्का वीस प्रश्नांवर लावला तर सरासरी सव्वा गुण मिळतो हे खरं. पण सरासरी म्हणजे दर वेळी नाही. वीसपैकी चार बरोबर आले तर बरोबरी, तीन किंवा कमी आले तर तोटा. मी गणित करून पाहिलं, वीस अंध तुक्क्यांत तोटा होण्याची शक्यता साधारण शंभरात बावीस-तेवीस निघते. म्हणजे चार-पाच पेपरांत एकदा हा सौदा अंगावर येणार. सहा आण्यांच्या प्रश्नांचं तसं नाही. वीस प्रश्नांत दोन-दोन खरे पर्याय उरले असतील तर तोट्यात जायला सोळाहून जास्त चुकावे लागतात, आणि तसं होणं फारच विरळा.

केंद्राची पूर्व परीक्षा देणारी एक ताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिने माझी वही मागून घेतली आणि तेच आकडे एक-तृतीयांशने लावून पाहिले. कारणासकट दोन उरलेले प्रश्न तिच्याकडेही भरघोस फायद्यात. तीन उरलेलेही फायद्यात, पण कमी. कारणाशिवाय खोडलेल्या छप्पन्नात सोळा बरोबर, चाळीस चूक. सोळातून तेरा आणि वर तिसरा हिस्सा गेला, उरले जेमतेम पावणेतीन. छप्पन्न प्रश्नांचे पावणेतीन! ती म्हणाली, “याच्यासाठी मी घाम कशाला गाळू?” तिने ते सोडायचं ठरवलं, मी तीन नंबर लावायचं. वही एकच, निर्णय दोन. दोघींचंही बरोबर.

दुसऱ्या वेळचा पेपर मी याच पद्धतीने दिला. सगळं कागदावरच्यासारखं झालं असं नाही. शेवटच्या पाच मिनिटांत तीन नंबरचे गोळे भरताना एकदा ओळ चुकली, ती तपासण्यात वेळ गेला आणि सात प्रश्न कोरेच राहिले. पंख्याचा आवाज, शेजारच्या मुलाचं सारखं पान उलटणं, आणि समासातले माझेच आकडे मला वाचता येईनात. पुढच्या वेळी अंध प्रश्नांचे क्रमांक पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एका ओळीत लिहायचे, हे तिथेच ठरवलं.

उत्तरतालिका आल्यावर मामा आणि मी पुन्हा पट्टीच्या मागे हिशोब मांडला. पक्के म्हणून भरलेले ४९, त्यातले पाच चुकले. (पक्क्यातले पाच चुकले याचं वाईट जास्त वाटलं, तुक्क्यांचं नाही.) पावणेत्रेचाळीस गुण. फुलीशेजारी शब्द असलेले, दोन उरलेले १८, त्यातले ११ बरोबर, सव्वानऊ गुण. तीन उरलेले १५, त्यातले पाच बरोबर, अडीच गुण. आणि तीन नंबर लावलेले ११.

“त्याचे किती आले?” मामांनी चष्मा पुसत विचारलं.

“दोन.”

मामांनी मांडलं. दोन रुपये आले, नऊ पावल्या गेल्या. सव्वादोन रुपये गेले, दोन आले. “म्हणजे पावलीचं नुकसान.”

“पण अकरात दोन येणं काही नवल नाही मामा, तसं होणारच होतं कधीतरी...”

“ते सांगू नको मला. पावली कुठंय?”

एकूण झाले सव्वाचोपन्न. निकाल लागला तेव्हा कटऑफच्या सव्वातीन गुण वर होते. पक्क्यांवरच थांबले असते तर पुन्हा घरीच बसले असते. दुसऱ्या दिवशी मामा मोंढ्यातून आले, चहा ठेवायला सांगितला, आणि माझ्या कपात निम्म्याहून कमी ओतून म्हणाले, “पावली वळती केली.”